बेरियम-१३७एमचं हाफ-लाइफ स्वतः मोजायचं: काउंटरच्या आकड्यांपासून डिके कॉन्स्टंटपर्यंत

अर्धायुष्य म्हणजे ०.६९३ भागिले λ, हे सूत्र बहुतेकांना पाठ असतं. पण समोर काउंटरवर २०४१, ११५२, ६९७ असे आकडे आले की यातून λ काढायचा कसा, इथे गाडी अडते. म्हणून या लेखात मी एकच केस घेतोय, बेरियम-१३७एम, आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवून दाखवतो. हाच आयसोटोप का, तर त्याचं हाफ-लाइफ साधारण २.५५ मिनिटं आहे, त्यामुळे अर्ध्या तासात सगळा डिके डोळ्यांसमोर होतो, आणि तो परत परत मिळवता येतो म्हणून प्रयोग चुकला तरी पुन्हा करता येतो.

आधी समीकरण, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघतं

```
dN/dt = -λN
```

N म्हणजे या क्षणाला शिल्लक असलेले अणुकेंद्रक. डावीकडे ते किती वेगाने कमी होतायत ते आहे. हा वेग N च्या प्रमाणात का असतो हे नीट समजून घ्या. प्रत्येक केंद्रक स्वतंत्र असतं, शेजारच्याचं काय झालं याचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही, आणि मुख्य म्हणजे ते म्हातारं होत नाही. एखादं केंद्रक दहा मिनिटं टिकलं म्हणून आता त्याची पाळी जवळ आली असं अजिबात नसतं, पुढच्या एका सेकंदात फुटण्याची त्याची शक्यता पहिल्या सेकंदात होती तेवढीच राहते. मग दुप्पट केंद्रकं असली की सेकंदाला दुप्पट फुटणार, निम्मी असली की निम्मी, आणि समीकरण एवढंच सांगतं. उणे चिन्ह N घटतोय म्हणून.

λ म्हणजे एका केंद्रकाची अगदी छोट्या वेळात फुटण्याची शक्यता, त्या वेळाने भागलेली. म्हणून त्याचं युनिट 'प्रति सेकंद' किंवा 'प्रति मिनिट' असं असतं.

आता N वाले पद एका बाजूला, t वाले दुसऱ्या बाजूला करून इंटिग्रेट करा:

```
dN/N = -λ dt
ln N = -λt + C
N = N0 · e^(-λt)
```

मधली ओळ लक्षात ठेवा, प्रयोगात तीच वापरायचीय. ln N आणि t चा ग्राफ सरळ रेषा येणार आणि तिचा उतार -λ असणार.

हाफ-लाइफ म्हणजे N चा N0/2 व्हायला लागणारा वेळ, तो T म्हणूया. मग e^(-λT) = 1/2, दोन्ही बाजूंचा ln घेतला की λT = ln 2, आणि ln 2 म्हणजे ०.६९३१. ते ०.६९३ एवढ्यावरूनच आलं. या सगळ्यात N0 गळून गेला हेही बघा. सुरुवात कितीपासूनही करा, अर्धं व्हायला तेवढाच वेळ, आणि ही गोष्ट 'वेग N च्या प्रमाणात' या अटीमुळेच खरी आहे. वेग कायम असता तर निम्मा माल असताना अर्धं व्हायला निम्माच वेळ लागला असता.

इथे एक गैरसमज फार दिसतो. बेरियम-१३७एमचा λ मिनिटाला ०.२७१६ आहे, तर लोक म्हणतात दर मिनिटाला २७.१६ टक्के संपतात. तसं नाही. मिनिटभरात e^(-0.2716) म्हणजे ०.७६२ भाग उरतो, संपतात २३.८ टक्के. कारण मिनिट चालू असतानाच N घटत असतो, त्यामुळे मिनिटाच्या शेवटी वेग सुरुवातीसारखा राहत नाही. हाच λ सेकंदात घेतला तर ०.००४५२७ येतो आणि सेकंदाला खरोखर संपतात ०.४५२ टक्के, जवळजवळ λ एवढेच. वेळ जितका छोटा तितका हा फरक मिटत जातो, आणि डेरिव्हेटिव्ह म्हणजे तरी दुसरं काय.

बेरियम मिळवायचं कसं

सिझियम-१३७ चं हाफ-लाइफ साधारण ३० वर्षं. त्याच्या बीटा डिकेतून १०० पैकी जवळपास ९४-९५ वेळा बेरियम-१३७एम तयार होतं, हे 'एम' म्हणजे मेटास्टेबल, केंद्रक एक्सायटेड अवस्थेत काही काळ अडकून राहिलेलं असतं. ते खाली उतरतं तेव्हा बहुतेक वेळा ६६२ केईव्हीचा गॅमा बाहेर पडतो आणि आपण तो मोजतो.

शिकवण्याच्या लॅबमध्ये यासाठी छोटा बंद जनरेटर मिळतो. आत सिझियम एका पदार्थाला चिकटून बसलेलं असतं, आणि वरून सिरिंजने थोडं द्रावण (०.९ टक्के मीठ आणि ०.०४ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड) हळूहळू ढकललं की बेरियम त्यात विरघळून खाली येतं, सिझियम मागे राहतं. याला मिल्किंग म्हणतात. हे काम लॅबमध्ये, किरणोत्सर्गी स्रोत हाताळायची परवानगी आणि ट्रेनिंग असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच करायचं, हातमोजे घालून, खाली ट्रे ठेवून. आणि द्रावण जोरात ढकलायचं नाही, घाई केली की सिझियमही सुटून येऊ शकतं, त्याचं पुढे काय होतं ते सांगतोच.

एकदा काढलं की जनरेटर पुन्हा भरतो. दहा मिनिटांत साधारण ९३ टक्के बेरियम परत तयार झालेलं असतं, त्यामुळे तेवढं थांबून दुसरा नमुना काढता येतो.

N दिसत नाही, मग मोजतो काय?

काउंटर N मोजत नाही. तो मोजतो फुटण्याच्या घटना, म्हणजे ॲक्टिव्हिटी, A = λN, आणि त्याही सगळ्या नाहीत. गॅमा चारी दिशांना जातात, ट्यूबकडे थोडेच येतात, आणि गायगर ट्यूब त्यातलेही थोडेसेच पकडते. समजा शंभरात एखादाच मोजला जातोय. मग आपलं गणित बिघडणार का?

नाही बिघडत, आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो. मोजलेला आकडा N च्या कुठल्यातरी ठरावीक पटीत आहे एवढं पुरे. ln घेतला की ती पट वेगळी होऊन स्थिरांकात जाऊन बसते, रेषा वर-खाली सरकते पण तिचा उतार तोच राहतो. त्यामुळे ट्यूबची कार्यक्षमता माहीत नसतानाही λ बरोबर निघतो.

अट एकच, ती पट पूर्ण प्रयोगभर ठरावीक राहिली पाहिजे. म्हणून नमुना ठेवल्यावर त्याला हात लावायचा नाही. मी एकदा चौथ्या मोजणीनंतर बशी सरळ करायला म्हणून ती जराशी सरकवली, आणि ग्राफवर पहिले चार बिंदू एका रेषेत आणि पुढचे सगळे तिला समांतर पण वर, अशी पायरी आली. पायरी दिसली की समजायचं काहीतरी हललंय. दोन्ही तुकड्यांचा उतार सारखाच होता, म्हणजे डिकेत गडबड नव्हती, पट बदलली होती.

असाच प्रश्न मोजणीच्या वेळेचा येतो. आपण ३० सेकंद मोजतो, पण त्या ३० सेकंदांत ॲक्टिव्हिटी खाली येतच असते, मग तो आकडा सुरुवातीचा धरायचा की मधला? उत्तर असं की प्रत्येक मोजणी ३० सेकंदांचीच असेल तर काहीही धरा. ३० सेकंदांत फुटलेली केंद्रकं म्हणजे सुरुवातीच्या N चा एक ठरावीक भाग असतो, दर वेळी तोच, त्यामुळे ही पण एक पटच झाली. मात्र शेवटी आकडे कमी येतायत म्हणून मध्येच ६० सेकंद मोजायला लागलात आणि नंतर दोनने भागलंत, तर वेळ मोजणीच्या मध्याला धरावी लागते, नाहीतर ते बिंदू चुकीच्या जागी पडतात. सोपं म्हणजे सगळ्या मोजण्या सारख्याच ठेवायच्या.

मोजणी

नमुना काढण्याआधी, जनरेटर लांब ठेवून, रिकाम्या जागेचं बॅकग्राउंड दहा मिनिटं मोजा. समजा ३०० आले, म्हणजे ३० सेकंदांना १५. दहा मिनिटं का, तर फक्त ३० सेकंद मोजलं तर एकदा ११ येईल एकदा २०, आणि ती गडबड प्रत्येक बिंदूत शिरेल.

मग नमुना काढा, ट्यूबखाली ठेवा, घड्याळ सुरू करा आणि दर दोन मिनिटांनी ३० सेकंद मोजा. खालचे आकडे मी समजावण्यासाठी बनवलेत, पण खऱ्या मोजणीत असतो तेवढा विस्कळीतपणा त्यात मुद्दाम ठेवलाय:

| वेळ (मिनिटं) | मोजलेले | बॅकग्राउंड वजा करून | ln |
|---|---|---|---|
| ० | २०४१ | २०२६ | ७.६१४ |
| २ | ११५२ | ११३७ | ७.०३६ |
| ४ | ६९७ | ६८२ | ६.५२५ |
| ६ | ४१८ | ४०३ | ५.९९९ |
| ८ | २३६ | २२१ | ५.३९८ |
| १० | १५३ | १३८ | ४.९२७ |

पहिला मोह होतो शेजारशेजारचे दोन बिंदू घेऊन उत्तर काढायचा. करून बघा. पहिल्या दोघांवरून हाफ-लाइफ २.४० मिनिटं येतं, सहा आणि आठ मिनिटांवरून २.३१, शेवटच्या दोघांवरून २.९४. मग खरं कुठलं? कुठलंच एकटं नाही. डिके हा योगायोगाचा खेळ आहे, कुठलाही आकडा मोजला की त्यात साधारण त्याच्या वर्गमुळाएवढी वर-खाली होणारच. १५३ मध्ये १२ ची अनिश्चितता, म्हणजे बॅकग्राउंड काढल्यावर ९ टक्के, आणि २०४१ मध्ये ४५ ची, म्हणजे जेमतेम २ टक्के. म्हणून सगळ्या बिंदूंमधून मिळून एक रेषा काढायची.

हाताने करायचं असेल तर बिंदू समान अंतरावर आहेत त्यामुळे सोपं पडतं. वेळेची सरासरी ५, म्हणून प्रत्येक वेळेतून ५ वजा करा: -५, -३, -१, १, ३, ५. यांच्या वर्गांची बेरीज ७०. आता प्रत्येक ln ला त्याच्या या आकड्याने गुणून बेरीज करा, जोड्या लावल्या की पटकन होतं:

```
5 × (4.927 - 7.614) = -13.44
3 × (5.398 - 7.036) =  -4.91
1 × (5.999 - 6.525) =  -0.53
बेरीज               = -18.88
उतार = -18.88 / 70  =  -0.270
```

म्हणजे λ मिनिटाला ०.२७०, आणि हाफ-लाइफ ०.६९३१ भागिले ०.२७० म्हणजे २.५७ मिनिटं, साधारण १५४ सेकंद. मान्य किंमत २.५५ मिनिटं. वरच्या वर्गमुळाच्या अनिश्चितता उतारापर्यंत नेल्या तर λ मध्ये ±०.००७ येतात, हाफ-लाइफमध्ये ±०.०७, त्यामुळे ०.०२ चा फरक आरामात आत बसतो. आता ही अनिश्चितता कुठून येते बघायला गेलं तर तिचा मोठा हिस्सा शेवटच्या बिंदूचा आहे, कारण तो कडेला आहे म्हणून रेषेला जास्त ओढतो आणि त्याचाच आकडा सगळ्यात कच्चा. त्यामुळे कमी मोजणीच्या बिंदूंना कमी वजन देणारी फिट वापरली तर उत्तर अजून पक्कं होतं, पण सहा बिंदूंसाठी साधी रेषा चालून जाते.

कॉम्प्युटरवर हेच:

```python
import numpy as np
t = np.array([0, 2, 4, 6, 8, 10])
c = np.array([2041, 1152, 697, 418, 236, 153]) - 15
m, b = np.polyfit(t, np.log(c), 1)
print(-m, np.log(2) / -m)
```

उत्तर चुकलं तर कारण ग्राफवरून ओळखा

हाफ-लाइफ ५.९ मिनिटांच्या आसपास आलं तर जवळजवळ नक्की समजा की तुम्ही ln ऐवजी १० बेसचा लॉग घेतलाय. स्प्रेडशीटमध्ये LOG म्हणजे १० चा बेस आणि LN म्हणजे नॅचरल, आणि वरच्या पायथन कोडमध्ये मात्र np.log हाच नॅचरल आहे, म्हणून गोंधळ होतो. उत्तर बरोबर २.३ पट मोठं येतं, ही त्याची खूण. १० चा लॉगच वापरायचा असेल तर उताराला २.३०३ ने गुणून मग λ म्हणायचं.

रेषा शेवटाकडे सपाट होत चालली असेल तर बॅकग्राउंड काढायचं राहिलंय. वरच्या आकड्यांत १५ वजा न करता फिट केलं तर हाफ-लाइफ २.६६ येतं, फार नाही वाटत, पण मोजणी वीस मिनिटांपर्यंत नेली तर तिथे बेरियमचे जेमतेम ९ उरतात आणि काउंटर २४ च्या आसपास दाखवतो. तिथून पुढे तुम्ही बेरियम मोजतच नाही आहात, खोलीच मोजताय. म्हणून जास्त वेळ मोजलं की उत्तर जास्त चांगलं येतं असं नाही.

बॅकग्राउंड वजा करूनही शेपूट सपाटच राहिली तर सिझियम सुटून नमुन्यात आलंय का ते बघा. असं झालं की नमुन्यातच नवीन बेरियम सतत तयार होत राहतं आणि समीकरण बदलतं:

```
dN/dt = R - λN
```

R म्हणजे सिझियममधून सेकंदाला तयार होणारी केंद्रकं, आणि ३० वर्षांच्या हाफ-लाइफमुळे अर्ध्या तासात तो बदलत नाही असं धरायला हरकत नाही. आता N शून्याकडे जात नाही, R/λ वर येऊन थांबतो, कारण तिथे जितकं तयार होतं तितकंच फुटतं. पण त्या पातळीच्या वर जेवढं जास्तीचं आहे त्याला D म्हणा, D = N - R/λ, आणि समीकरणात टाकून बघा, पुन्हा dD/dt = -λD च मिळतं, तोच λ! म्हणजे प्रयोग फुकट गेलेला नाही, फक्त बरोबर ती पातळी वजा करायची.

ती पातळी मिळवायचा उपाय सोपा आहे आणि मी आता नेहमी असंच करतो: नमुना जागचा न हलवता तीस मिनिटं थांबायचं आणि मग दहा मिनिटं मोजायचं. तीस मिनिटं म्हणजे जवळपास पावणेबारा हाफ-लाइफ, मूळ बेरियमचा साडेतीन हजारावा भाग उरलेला असतो, म्हणजे आपल्या केसमध्ये ३० सेकंदांत एकसुद्धा काउंट नाही. तेव्हा जे मोजलं जातं त्यात खोलीचं बॅकग्राउंडही आलं आणि सुटलेल्या सिझियमचा वाटाही आला, दोन्ही एकदम वजा होतात. हा आकडा सुरुवातीच्या रिकाम्या बॅकग्राउंडपेक्षा स्पष्ट जास्त असेल तर सिझियम सुटलंय हे नक्की, आणि मग तो नमुना सिंकमध्ये ओतायचा नाही, किरणोत्सर्गी कचरा म्हणून वेगळा ठेवून लॅबच्या जबाबदार माणसाला सांगायचं.

उलट, रेषा सुरुवातीलाच सपाट असेल आणि नंतर नीट उतरत असेल, तर तो डेड टाइम. गायगर ट्यूब एक काउंट घेतला की साधारण १०० मायक्रोसेकंद आंधळी असते, तेवढ्यात आलेला दुसरा गॅमा तिला दिसत नाही. आपल्या केसमध्ये सुरुवातीला सेकंदाला ६८ काउंट आहेत, म्हणजे नुकसान ०.७ टक्के, सोडून द्या. पण नमुना ट्यूबला अगदी चिकटवून सेकंदाला १००० मिळवले तर १० टक्के हरवतात, तेही फक्त सुरुवातीला, आणि हाफ-लाइफ खऱ्यापेक्षा मोठं दिसतं. मोजलेला दर m आणि डेड टाइम τ असेल तर खरा दर:

```
n = m / (1 - m·τ)
```

ही दुरुस्ती बॅकग्राउंड वजा करायच्या आधी करायची, कारण ट्यूब आंधळी होते ती एकूण सगळ्या काउंट्समुळे. त्यापेक्षा नमुना दोन सेंटिमीटर लांब ठेवला तर हा प्रश्नच येत नाही, पण मग शेवटचे बिंदू कच्चे होतात, तेव्हा तुमच्या ट्यूबनुसार मधलं अंतर शोधावं लागतं. पहिला आकडा सेकंदाला शंभराच्या आसपास येईल असं अंतर मला बरं वाटतं.

आणि युनिट. उतार ज्या युनिटमध्ये वेळ घेतलीत त्यातच येतो. आपला ०.२७० प्रति मिनिट म्हणजे ०.००४५ प्रति सेकंद, दोन्ही बरोबर, पण A = λN वापरून केंद्रकांची संख्या काढायची असेल तर बेकरेल म्हणजे सेकंदाला एक डिके, म्हणून λ पण सेकंदातलाच हवा. समजा एखाद्या नमुन्याची ॲक्टिव्हिटी १००० बेकरेल आहे, तर त्यात बेरियमची केंद्रकं १००० भागिले ०.००४५ म्हणजे साधारण २,२०,००० आहेत. तेवढीच ॲक्टिव्हिटी सिझियम-१३७ ची असती, जिथे λ सेकंदाला सुमारे ०.०००००००००७३ आहे, तर केंद्रकं लागली असती साधारण १.४ लाख कोटी. दोन्हींत सेकंदाला सारखीच केंद्रकं फुटतायत, फरक कळायला पाच मिनिटं थांबावं लागेल.